पहिलं वाक्य कंपनीचं

आइस्क्रीम कंपनीसाठी मी दुकानं तपासायचो. सातारा असो की सांगली, पाटी लाल, खुर्च्या पांढऱ्या, गोळा कंपनीच्याच मापाचा. आत शिरलं की "या, बसा, काय देऊ?" हे वाक्यही ठरलेलं. मीच ते सगळ्या मालकांकडून पाठ करून घेतलेलं. दिवसभर तेच ऐकून डोकं उठायचं आणि रात्री लॉजवर तेवढंही म्हणणारं कुणी नसायचं.

जतच्या मालकानं मात्र ते वाक्य म्हणून झाल्यावर विचारलं, "आवं सायेब, जेवलासा का?"

नियमात बसत होतं. पहिलं वाक्य कंपनीचं, पुढचं मालकाच्या मर्जीचं. मी "ठीक" असा शेरा मारला आणि सवयीनं "हो" म्हणालो.

पुढं कारण नसतानाही मी जतची तपासणी काढायचो. उपाशीच जायचो.