हयात असलेल्यांची यादी

धम्मदीपचं विश्रांतवाडीत लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन खुर्च्या मावतात, तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. त्याची एक खोड आहे. कीबोर्डचं एक बटण बसवायला का जाईना, तो आधी एसएसडीचा, म्हणजे सगळ्या फाइली जिथे राहतात त्या ड्राइव्हचा, हेल्थ रिपोर्ट काढतो. त्यातले तीन-चार आकडे जाड कार्डावर पेनाने लिहून तारीख टाकतो. पुढच्या खेपेला तेच कार्ड बाहेर निघतं. एका रिपोर्टवर त्याचा विश्वास नसतो, दोन रिपोर्टांमध्ये काय हललं ते तो बघतो.

मी कल्याणी. छप्पन्न साली आणि त्यानंतर बौद्ध झालेल्या पुण्यातल्या वृद्धांच्या मुलाखतींवर पीएचडी करते. एकतीस मुलाखती, तीन वर्षांचं काम, सगळं एका लॅपटॉपवर. रेकॉर्डरचं कार्ड दर वेळी पुसून पुन्हा वापरायचे आणि फुकटातलं क्लाउड केव्हाच भरलं होतं. इतकी शिकलेली बाई असं कसं करते, असं मला विचारू नका. मी स्वतःला रोज विचारते.

जूनमध्ये चार्जिंगची तक्रार घेऊन गेले, तेव्हा त्याने कार्ड पुढे सरकवलं. डिसेंबरात डेटा वाचण्यातल्या चुका शून्य आणि राखीव जागा शंभर टक्के होती. आता चुका तीन, राखीव ब्याण्णव. आजच्या आज कॉपी काढा, म्हणाला. मी घरी येऊन एक अ‍ॅप उघडलं, तर हिरव्या चौकोनात लिहिलेलं, ‘हेल्थ ९६ टक्के’. मला शहाणपण सुचलं. त्याला मेसेज केला की मला दहावीलासुद्धा एवढे नव्हते पडले.

ऑगस्टमध्ये फाइली उघडताना लॅपटॉप अडकायला लागला. दुपारीच दुकान गाठलं. हेल्थ अजून शहाण्णवच होती. चुका मात्र दोनशे अठरा, आणि राखीव एकतीस. त्याने शांतपणे सांगितलं, की ते अ‍ॅप फक्त ड्राइव्हवर आजवर किती लिहिलं गेलं ते मोजतं. तुम्ही लिहिलंय कमी, म्हणून झीज चारच टक्के. पण आतले कप्पे खराब होतायत, आणि त्यांच्या जागी घालायचे राखीव कप्पे संपत चाललेत. टायरची नक्षी नवी असली तरी टायर आतून फाटू शकतो, म्हणाला.

सगळा ड्राइव्ह एकदा तपासून बघूया का, असं मी विचारलं, तर नको म्हणाला. मरायला टेकलेल्याला पळवायचं नाही. त्याने पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला, म्हणजे ड्राइव्हवर काही लिहिलं जाणार नाही, फक्त वाचलं जाईल. मग पेन उघडून मला म्हणाला,

“मॅडम, किती वेळ तग धरेल माहीत नाही. यातले गेलेले कोण, ते आधी सांगा. हयात आहेत त्यांची मुलाखत परत घेता येईल.”

मी नावं वाचत गेले. एकोणीस जण गेले होते. प्रत्येक नावाला मला त्या माणसाचा चेहरा आठवत होता, आणि तो फक्त आकडा घालत होता. कचरू आबांचं नाव आलं. ते त्याचे सख्खे आजोबा, वय ब्याण्णव. दीड वर्षापूर्वी त्यांनी चार तास बोलून मला दमवलं होतं. मी काही म्हणायच्या आत तोच म्हणाला, “आहेत.” आणि त्यांना शेवटचा, एकतिसावा नंबर दिला. घरच्या माणसाला मागे ठेवलं म्हणून मला त्याचं कौतुकच वाटलं.

कॉपी सुरू झाली. एकेका फाइलवर ती अडायची, मी श्वास रोखायचे, मग पुढे सरकायची. साडेचारच्या सुमाराला एकोणीसच्या एकोणीस निघाले. मी चक्क रडले. हयात असलेल्यांपैकी दहा निघाले. तिसावी फाइल अर्ध्यात थांबली आणि ड्राइव्ह यादीतून नाहीसा झाला. त्याने लॅपटॉप बंद करून गार होऊ दिला, दोनदा पुन्हा लावून पाहिला. ड्राइव्ह दिसतच नव्हता.

मला तरी हायसं वाटलं. दोघंच राहिले, दोघंही इथलेच. म्हटलं, दादा, उद्या सकाळीच आबांकडे येते, रेकॉर्डर घेऊन.

तो स्क्रू गोळा करत राहिला. शेवटचा स्क्रू डबीत टाकून म्हणाला,

“आबांना मार्चमध्ये अर्धांगाचा झटका आला. वाचा गेलीये. गेलेल्यांच्या यादीत त्यांचं नाव लिहायला हात होईना, मॅडम.”