एकाच नंबरचे दोन प्रोग्रॅम

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत माझं लहानसं वर्कशॉप आहे. चार सीएनसी मशीन, म्हणजे प्रोग्रॅम वाचून आपोआप धातू कापणारी. पहिलं मी जुनं घेतलं, तेही मालकाशी तीन दिवस घासाघीस करून. कुणी हात दिला नाही, म्हणून कुणाचं ऐकायची सवयही लागली नाही.

यंदा ऑफिसातला कॉम्प्युटर भरून गेला. मशीनला द्यायचे सगळे प्रोग्रॅम त्यात असतात, आणि प्रत्येकाने जाताना आपापल्या फोल्डरमध्ये प्रती करून ठेवलेल्या. नव्या प्रोग्रॅमर मुलीला मी म्हटलं, "नाव सारखं, साईज सारखी, की एक ठेव, बाकी उडव. मी दोन वर्षांपूर्वी तसंच केलं होतं."

"सर, असं नका सांगू," ती म्हणाली. "काय काय उडवलंत तेव्हा?"

मी चिडलो. पण खरं सांगायचं तर ओरडायचाही कंटाळा आला होता. "कर तुझ्या पद्धतीनं."

तिने आधी सगळ्याची प्रत एका वेगळ्या डिस्कवर घेतली. ड्रॉवरमधले, प्रोग्रॅम मशीनपर्यंत न्यायचे जुने पेनड्राइव्हही लावले. मग सारख्या साईजच्या फाइली वेगळ्या काढून प्रत्येकीचा चेकसम काढला. म्हणजे कॉम्प्युटर फाइल पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचतो आणि त्यातून एक लांबलचक आकडा काढतो. फाइलीचं नाव, तारीख यांना त्यात किंमत नाही. आतला मजकूर तोच असेल तर आकडा तोच येतो. एक अक्षर बदललं तरी आकडा पार बदलतो. 'फायनल', 'फायनल नवा' आणि 'कॉपी' अशा तीन फोल्डरांतल्या एकाच नंबरच्या फाइलींचा आकडा एकच आला. त्या खऱ्या प्रती. त्याही तिने अक्षर न् अक्षर पुन्हा ताडून पाहिल्या, आणि एक ठेवून उरलेल्या न पुसता बाजूच्या फोल्डरमध्ये हलवल्या. "महिनाभर राहू द्या. काही अडलं नाही तर मग बघू."

दुपारी तिने हाक मारली. "सर, या दोन फाइलींचा ड्रॉइंग नंबर एक, साईज एक, पण चेकसम वेगळा."

तिने दोन्ही शेजारी शेजारी उघडल्या. सगळ्या ओळी सारख्या. एकाच ओळीत फरक. कॉम्प्युटरवरच्या फाइलीत X32.08, पेनड्राइव्हवरच्या फाइलीत X32.03. X म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. आकडे तितकेच, म्हणून साईज तितकीच.

मी खुर्चीवर बसलो. हा प्रोग्रॅम ज्या बुशचा, म्हणजे मधे भोक असलेल्या नळीसारख्या भागाचा, तो मला चांगला आठवत होता. दोन वर्षांपूर्वी गिऱ्हाइकाने ड्रॉइंग बदलून भोक लहान केलं होतं. माझा जुना ऑपरेटर, वणीकडचा, दसऱ्याला गावी गेला. मागे दुसऱ्याने लॉट काढला, भोक तपासायच्या जुन्याच मापाने, गेजने, तपासला. भोकं मोठी. कापलेलं लोखंड परत चिकटत नाही. अख्खा लॉट परत आला.

"प्रोग्रॅम सुधारला व्हता, शेठ," गावाहून परतलेला जुना ऑपरेटर सांगत राहिला.

"दाखव मग! कॉम्प्युटरवर आहे का?" मी सगळ्यांसमोर विचारलं. नव्हता. त्याच दिवशी तो काम सोडून गेला. तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगत आलो, की शिकवून मोठा केला आणि त्याने मला बुडवलं.

पेनड्राइव्हवरच्या फाइलीची तारीख खंडेनवमीच्या चार दिवस आधीची होती. खंडेनवमीला मशीनं पुसली, फुलं वाहिली, आणि मी कॉम्प्युटरही साफ करायला बसलो होतो. त्या नंबरचे दोन प्रोग्रॅम. मी नव्या तारखेचा ठेवला. तो जुनाच होता, मेलमधून पुन्हा उतरवून घेतलेला, म्हणून तारीख नवी.

संध्याकाळी त्याला फोन लावला. तो आता विंचूरला कामाला आहे.

"लय दिवसांनी, शेठ."

मी सगळं सांगितलं. मग सवयीने भाव करायला लागलो. "चूक निम्मी माझी. तू नाव बदलून ठेवायला हवं होतंस."

"ड्रॉइंगच्या नंबराशिवाय दुसरं नाव द्यायचं नाय, हा नियम कोणाचा व्हता?"

"...माझा."

"मग निम्मी कशी?"

"बरं, सगळी. झालं?"

"नाय झालं. शिव्या समद्यांपुढं दिल्या व्हत्या. फोनवर काय कामाचं?"

"इथं यायला तुला सुट्टी मिळेल का? मीच येतो ना विंचूरला."

"तिथं कोण ओळखतं तुमाला? तुमच्याच शेडमधी. सोमवारी, सकाळच्या पाळीला. मी रजा टाकतो."

आयुष्यात मी पहिली बोली कधी मान्य केली नाही. त्या दिवशी केली. वाद घालायला अंगात काही उरलंच नव्हतं.

फोन ठेवल्यावर मुलीने विचारलं, "सर, ही शून्य आठवाली काय करू? काढू?"

"राहू दे," मी म्हटलं. "दोन्ही राहू दे. सोमवारी दाखवायच्या आहेत."