एकाच नावाच्या दोघी

मीना गावित आणि तिची धाकटी बहीण मंजुळा हरसूलजवळच्या पाड्यावरून नाशकात शिकायला आल्या आणि पुढे एकाच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवू लागल्या. दोघींचे पीएचडीचे गाईडही एकच. वडील झिपरू, त्यामुळे संशोधनाचा पेपर छापून आला की दोघीही एम. झेड. गावित. लग्न झालं तरी मीनानं पेपरवर माहेरचंच नाव ठेवलं होतं. स्टाफरूममध्ये टपालाची अदलाबदल झाली की मंजुळा म्हणायची, “ताई, बोलणी तू खा, शाबासकी मी घेते.”

गेल्या वर्षी काविळीचं निमित्त झालं आणि मंजुळा गेली.

प्रोफेसरपदाच्या अर्जासाठी मीना ग्रंथपाल स्नेहलकडे गेली. स्नेहलनं संशोधनाच्या डेटाबेसमध्ये तिचं पान उघडलं. “मॅडम, छान आहे की! केवढे पेपर!”

मीनानं यादी वाचली. नागलीवर, म्हणजे नाचणीवर, पडणाऱ्या करपा रोगाचे पेपर तिचे होते. मध्ये मध्ये नागलीच्या गावठी वाणांवरचे, ते मंजुळाचे. मंजुळाचं वेगळं पान कुठंच नव्हतं.

“हे माझ्या बहिणीचे आहेत.”

“मशीन तरी काय करणार? नाव तेच, कॉलेज तेच, गाईड तेच, पीकही तेच. दोघींनी मिळून एखादा पेपर लिहिला नव्हता का? एकाच पेपरवर दोन गावित दिसल्या असत्या, तर या दोन वेगळ्या बायका आहेत हे त्याला कळलं असतं.”

मिळून लिहू या का, असं मंजुळानं एकदा विचारलं होतं. मीनाच म्हणाली होती, “नको गं. लोकांना वाटेल छापताना चूक झाली.”

“तिच्या नावानं संशोधकाचा तो ओळख क्रमांक, ऑर्किड नंबर, काढता येईल?”

“तो ज्याचा त्यानंच काढायचा असतो, मॅडम.” स्नेहलचा आवाज खाली आला. “पण तुमच्या पानावरून तिचे पेपर वेगळे करा, अशी विनंती पाठवता येते. एवढंच की... मुलाखत झाल्यावर पाठवली तर? आत्ता तुमचा आकडा खाली येईल.”

“आत्ताच पाठव.”

मीनानं एकेक शीर्षक वाचून मंजुळाचं वेगळं काढलं. गाडं अडलं ते एकाच पेपरवर. त्याचे नमुने दोघींनी मिळून गोळा केले होते, मंजुळा उन्हात पुढे चालत होती. पण लिहिला मीनानं होता. तो तिनं आपल्याकडेच ठेवला आणि मग बराच वेळ माऊसवरचा हात उचलला नाही.

काही आठवड्यांनी दुरुस्ती झाली. मंजुळाचं पान निघालं, त्यावरही एम. झेड. गावितच. पूर्ण नाव तिच्या कुठल्याच पेपरवर छापलेलं नव्हतं.

मुलाखतीत एका सदस्यानं कागद उलटला. “मॅडम, अर्ज केलात तेव्हा पानावर बरेच पेपर होते. आता कमी कसे?”

“ते दुसऱ्या एम. झेड. गावितचे होते, सर. माझ्या बहिणीचे. मंजुळाचे.”

“काय योगायोग! त्या कुठे असतात?”

“नाही आता.”

“अच्छा,” ते म्हणाले आणि त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.