अडतीस जणांचं एकच उत्तर

सोलापुरातल्या एका छोट्या सामुदायिक रेडिओ केंद्रावर वैजयंतीबाई सतरा वर्षं रोज सकाळी बाजारभाव सांगत होत्या. मग केंद्राला नवे संचालक लाभले. त्यांनी रेडिओ फारसा ऐकला नव्हता, नियम मात्र तोंडपाठ केले होते. निवेदकाला जनसंवादाची पदवी हवी, असं त्यांनी सुनावलं. जूनपर्यंत पदवी आणा, नाहीतर माईक सोडा.

पदवीला एकच पेपर उरला होता, माध्यमांचा इतिहास, आणि त्यात बाई दोनदा आपटल्या होत्या. त्यांचं लिखाण कानासाठी. ना शीर्षक, ना मुद्द्यांना आकडे, ना खाली रेघ. शिवाय त्यांना एक खोड होती: वाक्य आधी पुटपुटून बघायचं, जिभेला अडलं की बदलायचं, मगच कागदावर उतरवायचं. स्टुडिओत हिलाच तयारी म्हणतात.

तिसऱ्या खेपेला पंधरा गुणांचा प्रश्न आला: आरंभीचे रेडिओ प्रसारण आणि सामूहिक श्रोतावर्गाचा उदय, चर्चा करा. बाईंना आनंद झाला आणि त्या पुटपुटू लागल्या. सतरा वर्षं माईकपुढं घालवलेला गळा तो, त्याचं पुटपुटणंही खोलीभर पोचत होतं.

बिनतारी यंत्र आधी एकानं एकाला निरोप धाडायला होतं, जहाजावरून बंदराला. वाटेत कुणीही ऐकू शकतं, हा त्यातला दोष मानला जाई. पुढं लोकांच्या ध्यानात आलं, की ऐकू देणं हाच धंदा होऊ शकतो. अमेरिकेत १९२० साली निवडणुकीचे निकाल हवेतून सांगितले, तेव्हा ऐकणारे थोडेच होते. पण पुढच्या दोन वर्षांत शेकडो केंद्रं निघाली, कारण संच विकायचे तर त्यावर काहीतरी लागायला हवं.

एव्हाना पुढच्या बाकांवरची पेनं थांबली होती. मग ती पुन्हा सुरू झाली, सगळी एकदम.

पर्यवेक्षक गुरुशांत सर रागावायला उठले खरे, पण दोन पावलांवर थबकले. हा आवाज त्यांच्या घरी रोज सकाळी लागे आणि तो लागला की घरात कुणी बोलायचं नाही, अशी वडिलांच्या वेळची शिस्त होती. सर खिडकीपाशी हात बांधून उभे राहिले.

बाईंना कशाचाच पत्ता नव्हता. खर्च कुणी द्यायचा, याची त्यांनी उकल केली: अमेरिकेत जाहिरातदारानं, इंग्लंडात परवान्याची फी भरणाऱ्या श्रोत्यानं. मुंबई-कलकत्त्यात १९२७ साली निघालेली कंपनीही दहा रुपयांच्या परवान्यावर जगू पाहत होती. परवाने काही हजारांपलीकडे गेले नाहीत, चोरून ऐकणारे मात्र होतेच, आणि तीन वर्षांत कंपनी बुडून कारभार सरकारकडे गेला. कानाला लावायचा संच एकाचा असे. कर्णा आला आणि घर बसून ऐकू लागलं. टेलिफोनच्या तारांनी केंद्रं जोडली, तशी गावोगावची माणसं एकाच मिनिटाला एकच गोष्ट ऐकू लागली. ती एकमेकांना ओळखत नव्हती, पण आपल्यासारखे आणखी ऐकतायत हे प्रत्येकाला ठाऊक होतं. गर्दी जमवावी लागली नाही आणि तरी ती झाली.

शेवटच्या बाकावरच्याला "गर्दी"च्या पुढचं नीट ऐकू आलं नाही. त्यानं शेजाऱ्याकडून भरून काढलं.

निकाल लागला. त्या खोलीतल्या बाकीच्या अडतीस जणांपैकी कुणालाच या प्रश्नात अकराच्या खाली गुण नव्हते. सगळ्यांनी शीर्षकं दिली होती, आकडे टाकले होते, रेघा ओढल्या होत्या. सगळ्यांचं एकच उत्तर बघून तपासनीस खूश झाले; अडतीस जण म्हणतात म्हणजे बरोबरच असणार, असं मानून त्यांनी परीक्षा केंद्राच्या तयारीचं लेखी कौतुक केलं. एकोणचाळिसाव्या उत्तराला चार गुण होते. शेरा होता: मुद्दे नाहीत, बोलल्यासारखं लिहिलं आहे. बाई तिसऱ्यांदा नापास झाल्या.

जूनमध्ये नवी निवेदिका रुजू झाली. पूनम, बावीस वर्षांची, हातात पदवी. जाण्याआधी तिला काम शिकवून जा, एवढी माया संचालकांनी दाखवली. बाईंना संताप आला होता, पण पोरीवर काढावा असा तो नव्हता. माईकपासून किती लांब बसायचं, श्वास कुठं घ्यायचा, हे त्यांनी नीट दाखवलं. पूनम मध्येच त्यांच्याकडं बघत राहिली.

"मॅडम, तुमचा आवाज लई ओळखीचा वाटायलाय."

सतरा वर्षांत समोरासमोर असं कुणी म्हटलं, की बाईंचा दिवस छान जायचा. त्यांचा राग क्षणभर विरला.

"व्हय? कुटं ऐकलास, सकाळच्या बाजारभावात?"

"न्हाय की. पेपरला. माझ्यामागंच होता तुमी." पूनम भाबडेपणानं हसली. "रेडिओ आमी न्हाय ऐकत."