गटात घातलेलं एक नाव

सुडो द्यायच्या बाबतीत मी पहिल्यापासून चिकट माणूस. लिनक्सच्या संगणकावर एखाद्याला सुडो देणं म्हणजे त्याला यंत्राचा मालक करणं. मग तो कुठलंही फोल्डर उघडेल, काहीही पुसेल. सोलापुरात मी पाच-सहा ठिकाणचे संगणक सांभाळतो आणि सगळीकडे माझी ख्याती हीच, की मागून मागून थकलात तरी हा माणूस सुडो देत नाही. या ख्यातीचा मला माजही होता. तो कसा उतरला, ते सांगतो.

जुळे सोलापुरात एक रक्त-लघवी तपासणीची लॅब आहे. एक डॉक्टर, दोन-तीन तंत्रज्ञ, बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या. तिथला मुख्य संगणक लिनक्सचा आणि तो माझ्याकडे. त्यावर एक फोल्डर असं होतं, की ते डॉक्टरांच्या खात्याशिवाय कुणालाच उघडायचं नाही. एचआयव्हीसारख्या तपासण्यांचे रिपोर्ट डॉक्टर स्वतः नावानिशी त्यात ठेवत. दुसऱ्या खात्यातून ते उघडायला गेलं की परवानगी नाही, एवढंच उत्तर यायचं. ही व्यवस्था माझीच होती.

रक्त घेणारी ताई तिथं सात-आठ वर्षं होती. हात इतका हलका, की मुलंसुद्धा रडायची नाहीत. एके दिवशी एका पेशंटची वापरलेली सुई तिच्याच बोटात शिरली. पेशंटचा एचआयव्हीचा रिपोर्ट चांगला नव्हता. डॉक्टरांनी तासाभरात तिला लागण टाळायच्या गोळ्या सुरू केल्या, तिची पहिली तपासणी केली. ती स्वच्छ आली, पण अजून दोन तपासण्या व्हायच्या होत्या आणि त्याला तीन महिने लागणार होते. घरी ताईनं काही सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. गोळ्यांची डबी लॅबच्या कपाटात, गोळी घ्यायची लॅबमध्येच. शेवटचा रिपोर्ट हातात आला की मगच घरी बोलायचं, असं तिनं ठरवलं होतं. सासरच्यांना ती पुरती ओळखून होती.

त्या आठवड्यात ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. आवाज अगदी खाली.

"दादा, माझा रिपोर्ट त्या बंद फोल्डरात हाय. दुसऱ्या कुणाला दिसंल का? माझ्या दिरालाबी न्हाय ना?"

दिराचं नाव काढायला कारण होतं. लॅबचा नवा रिपोर्ट-प्रोग्राम बसवायला डॉक्टरांना इंजिनिअर हवा होता आणि ताईनंच आपल्या दिराचं नाव सुचवलं होतं. सुई लागायच्या महिनाभर आधी. तो वैरागच्या कॉलेजातून शिकून आलेला, पंचविशीतला, कामाला चोख. ताईच्याच घरात राहायचा.

मी हसून म्हणालो, "ताई, त्याला मी सुडो दिलेलंच नाही. तुमचा रिपोर्ट डॉक्टर सोडून कुणी बघू शकत नाही."

तिनं विश्वास ठेवला. शंका घ्यायला मी तिला जागाच ठेवली नव्हती.

नवा प्रोग्राम डॉकरवर चालणारा होता. म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका बंद डब्यात भरून येतं. त्या डब्याला कंटेनर म्हणतात आणि ते कंटेनर चालवणारी व्यवस्था म्हणजे डॉकर. मी ते नीट बसवलं. डॉकरचा इंटरनेटवरचा अधिकृत साठा जोडला, तो अस्सल असल्याची किल्ली तपासून घेतली, पॅकेज चढवलं, नमुन्याचा कंटेनर चालवून पाहिला. सुडो लावून चालवला तर चालला. दिरानं आपल्या खात्यातून तीच आज्ञा दिली तर परवानगी नाकारली. यात नवल काही नव्हतं. कंटेनर प्रत्यक्षात चालवते ती पाठीमागची सेवा, म्हणजे सतत चालू असलेला एक प्रोग्राम; ती रूट म्हणून म्हणजे यंत्राची मालक म्हणून चालते आणि तिच्याशी बोलायचं ते सॉकेट नावाच्या एका खास फाइलमधून. ती फाइल रूटची आणि 'डॉकर' नावाच्या गटाची असते. बाकीच्यांना तिथं प्रवेश नाही.

मग सुरू झालं रोजचं. दिराला कंटेनर बंद करायचा, मला फोन. चालू करायचा, मला फोन. मी कधी बाळीवेशीत, कधी होटगी रोडला, कुठल्या तरी दुकानाच्या काउंटरखाली शिरून वायर शोधतोय आणि इकडे फोन वाजतोय. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "दादा, सुडो नगं मला. तेवढं डॉकरच्या गटात टाका की. सगळीकडं तसंच करत्यात." हे खरंच होतं. इंटरनेटवर जिथं तिथं हीच एक ओळ सांगितलेली असते. मलाही ते फार आवडलं. सुडो द्यायला नको आणि त्याचं कामही भागेल. एका ओळीत मी त्याचं नाव गटात घातलं, त्याला लॉगआउट करून परत यायला सांगितलं आणि निघताना डॉक्टरांना ऐटीत म्हणालो, की मी त्याला फक्त कंटेनरपुरती मोकळीक दिलीय.

पुढचे तीन आठवडे फोन आला नाही. मला बरं वाटलं. आता आठवलं की त्या बरं वाटण्याचाच राग येतो.

त्या तीन आठवड्यांत ताई मात्र गप्प होत गेली. आधी काम करताना तिचं तोंड चालायचं, कुणाच्या शिरा कशा लपतात ते सांगायची. आता डबा उघडून तशीच बसायची. मला वाटलं, दुसऱ्या तपासणीची धास्ती असेल. दीर नेहमीसारखाच होता. फक्त एक गोष्ट मी पाहिली होती आणि सोडून दिली होती. वहिनीनं पाण्याची बाटली पुढे केली की तो आपली बाटली दाखवायचा.

एका दुपारी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे डॉकर बसवायचं होतं, म्हणून त्याची माहितीपुस्तिका शांतपणे वाचायला घेतली. बसवून झाल्यानंतरच्या पायऱ्यांचं पान. गटात नाव घालायच्या आज्ञेच्या अगदी वर एका चौकटीत इशारा होता, की हा गट वापरकर्त्याला रूटच्या तोडीचे अधिकार देतो. हे पान मी आधी दहा वेळा उघडलं असेल. दरवेळी खालची ओळ उचलली आणि चौकट सोडली. यावेळी वाचली.

तसाच लॅबमध्ये गेलो. संगणकावर एक कोरं खातं काढलं. सुडो नाही, काही नाही, फक्त डॉकरच्या गटात. त्या खात्यातून एक छोटा कंटेनर सुरू केला आणि सुरू करतानाच सांगितलं, की यंत्राची अख्खी डिस्क मुळापासून तुझ्या आत जोडून घे. सेवा रूटची, तिनं निमूट जोडून दिली. कंटेनरच्या आत मी रूट होतो आणि ती डिस्क खरीखुरी होती, त्यामुळे डिस्कवरही मी रूटच. मग डॉक्टरांच्या बंद फोल्डरात काय काय आहे ते विचारलं. यादी सरळ समोर आली. तपासणीचं नाव, माणसाचं नाव. तिसऱ्या ओळीत ताई.

पासवर्ड कुणी विचारला नाही. सुडोची नोंदवही उघडली, तर तिच्यात या सगळ्याचा मागमूस नव्हता, कारण सुडो कुणी वापरलंच नव्हतं. कंटेनर बंद झाल्यावर आपोआप पुसला जाईल असा चालवला होता, तोही गेला. तीन आठवड्यांत दिरानं असं काही केलं असेल, तर त्याचीही खूण अशीच राहिली नसणार. एक धागा होता, ते फोल्डर शेवटचं कधी वाचलं गेलं याची वेळ. ती पाहायला गेलो, तर तिथं पाच मिनिटांपूर्वीची वेळ होती. माझीच. आधी काय होतं ते माझ्याच हातानं पुसलं गेलं होतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

डॉकरजवळ साचे असतात, त्यांवरून कंटेनर बनतो; त्या साच्यांची यादी काढली. सुरुवातीच्या माझ्या नमुन्याचा एक, रिपोर्ट-प्रोग्रामला लागणारे तीन आणि एक पाचवा, अगदी लहान, रिकाम्या लिनक्सचा, माझ्या आधीच कुणीतरी आणून ठेवलेला. चाचणीसाठी मला तोच आयता सापडला होता. शिकाऊ माणूसही सहज आणतो तो. त्यानं काहीच सिद्ध होत नव्हतं. पण मी त्या ओळीकडे कितीतरी वेळ बघत बसलो.

दिराचं नाव गटातून काढलं. तेवढ्यानं भागत नव्हतं, कारण आज्ञा द्यायची त्याची टर्मिनल चालू होती आणि आधीचं लॉगिन संपेपर्यंत जुना गट सोबत राहतो. म्हणून यंत्रच बंद करून चालू केलं. दीर केबिनमधून बाहेर आला, काय झालं विचारलं. डॉकरची मांडणी बदलतोय, यापुढे तुझ्याच खात्याच्या अधिकारात चालेल असं करणार आहे, असं मी सांगितलं. तो म्हणाला, "का हो दादा, काय झालं का?" आणि माझ्याकडे न बघता परत आत गेला. तीन आठवडे ज्याच्या हातात मालकी होती, त्या यंत्रावर आता माझा विश्वास उरला नव्हता. सगळं पुसून नव्यानं बसवण्याबद्दल मी डॉक्टरांशी बोललो. ते चिडले नाहीत. आधी ताईला सांगा, एवढंच म्हणाले.

ताई रक्त घ्यायच्या खोलीत एकटीच होती, नळ्यांवर चिठ्ठ्या लावत होती. मी दार लोटलं आणि सगळं सांगितलं. मी तुम्हाला जे ठामपणे बोललो ते चूक होतं. ज्याच्यापासून जपायचं होतं, त्याच्याच हातात मी किल्ली दिली आणि वर किल्ली दिली नाही म्हणून मिरवलो. त्यानं पाहिलं की नाही, हे मला आता कधीच सांगता येणार नाही.

ती चिठ्ठ्या लावत राहिली. कोणत्या दिवशी गटात घातलं, एवढं विचारलं. मी सांगितलं. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं.

"मग तिसऱ्या दिवशीच सासूबाईंनी माझं ताट येगळं केलं," ती म्हणाली. "लेकराला माझ्यापाशी झोपू देईनात. का म्हून इचारलं, तर कुणी बोलंना. मला वाटलं माझंच काय तरी चुकलं."

तिचा रिपोर्ट स्वच्छ होता, हे मला माहीत होतं. डॉक्टरांना माहीत होतं. फोल्डरात बघणाऱ्यानं फाइल उघडली असती तर त्यालाही कळलं असतं, पण यादीत फक्त तपासणीचं नाव होतं आणि त्याच्यापुढे तिचं.

बाहेरून कुणीतरी नंबर विचारला. ताईनं नवे हातमोजे चढवले, दार उघडलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.