सोडलेली गोळी

घाटकोपरला असताना माझ्या नवऱ्याला ब्लड प्रेशर निघालं. गोळ्यांनी ते उतरलं, पण तो माझ्याजवळ येईनासा झाला. विचारलं की म्हणायचा, "वय झालं गं." चाळिशीही लागली नव्हती त्याला.

एका रविवारी भाजी घेऊन जिना चढताना त्याची छाती धडधडायला लागली. मी त्याला रिक्षात घालून आमच्या डॉक्टरांकडे नेलं. प्रेशर भलतंच चढलं होतं.

"गोळ्या चालू आहेत ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"गेल्या आठवड्यात सोडल्या," तो म्हणाला. का ते सांगेना. शेवटी मीच म्हटलं, "डॉक्टर, गोळ्या सुरू झाल्यापासून यांना बायकोजवळ जमत नाही."

डॉक्टर हसले नाहीत.

"या गोळीने काहींना होतं असं. मनाच्या उदासीवरच्या गोळ्यांनीही होतं. साखरही कारण असू शकते, ती तपासू. पण ही गोळी एकदम बंद केली की हृदयावर ताण येतो. सोडण्याआधी मला सांगायचं. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते."

त्यांनी कार्डिओग्राम काढला. तो ठीक निघाला, साखरही नव्हती. जुनी गोळी पुन्हा सुरू करून त्यांनी ती हळूहळू उतरवली आणि दुसरी दिली. दोनेक महिन्यांत आमचं बरंचसं पूर्वीसारखं झालं.

त्यानंतर एकदा त्याने विचारलं, "डॉक्टरांसमोर असं बोलवलं कसं गं तुला?"

"तू बोलत नव्हतास म्हणून," मी म्हटलं.