शनिवारपर्यंतच्या खुणा

कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातल्या त्या गावात पारास्काइतकी शिस्तीची बाई दुसरी नव्हती, आणि हे ती स्वतःच सांगायची. एक्याऐंशी वर्षांचा नवरा, वासिल, न्यूमोनियातून उठून घरी आला, त्याच दिवशी नर्सने दिलेला तक्ता तिने फ्रिजवर चिकटवला. जागेपणी दर तासाला दहा वेळा प्लास्टिकच्या नळीतून सावकाश श्वास ओढायचा, आतली निळी सोंगटी वर चढवायची, क्षणभर रोखायचं. मग छातीशी उशी दाबून खोकायचं. आणि चालायचं, रोज थोडं जास्त.

"खोकला महिना-दीड महिना रेंगाळेल, अशक्तपणा त्याहून जास्त. त्याला घाबरू नका," नर्स म्हणाली होती. "पण ताप परत आला, बसल्या जागी धाप लागली, कफाचा रंग बदलला, तर लगेच फोन करा."

गुरुवारी पारास्का चर्चच्या हॉलमध्ये बायकांबरोबर विक्रीचे पिरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण घातलेल्या उकडीच्या करंज्या, भरायला जाई. तिथे ती वासिलचं कौतुक करी. "आज फाटकापर्यंत चालला, मी न सांगता." बायका म्हणत, "नशीब काढलंस बाई."

त्या गुरुवारी ती हाताला पीठ घेऊनच लवकर परतली. तक्त्याकडे सहज नजर गेली. शुक्रवारच्या, शनिवारच्या चौकटींतही वासिलच्या हातच्या खुणा होत्या. ताप नाही, श्वास झाले, फेऱ्या तीन. शनिवार अजून उजाडायचा होता.

वासिल खुर्चीत बसून धापा टाकत होता. खिशात तापाच्या गोळ्यांची डबी. ती संध्याकाळी ताप बघायची, म्हणून हा दुपारीच गोळी घ्यायचा. आज बाईसाहेब लवकर आल्या आणि गोळी राहिली. एकशे एक ताप, बेसिनमध्ये गंजाच्या रंगाचा कफ.

"बावन्न वर्षं मी तुझ्यावर डोळे मिटून भरवसा ठेवला," ती म्हणाली. "आणि तू माझ्याच स्वयंपाकघरात माझा गळा केसाने कापलास. का रे?"

"पुन्हा दवाखान्यात नेलं तर घरी येऊ देणार नाहीस."

"कोण म्हणालं?"

"पत्र आलं सोमवारी. वृद्धाश्रमाच्या यादीत माझं नाव आहे." तो श्वासासाठी थांबला. "सही तुझी आहे, पारास्का."

दवाखान्यात, तो शुद्धीवर नसताना, तिने ती सही केली होती. एकटीने त्याला उचलता येत नव्हतं, म्हणून. मग तो बरा होऊ लागला आणि सांगायचं राहून गेलं.

तिने अँब्युलन्सला फोन केला. माणसं आली, नाकाला ऑक्सिजन लावला, त्याला स्ट्रेचरवर घेतलं. दारात त्याने तिची बाही धरली.

"परत आणशील?"

"आणीन," ती म्हणाली, आणि मनापासून म्हणाली.

त्याने बाही सोडली आणि मान दुसरीकडे वळवली. लग्न झाल्यापासून तिच्या शब्दावर त्याने आज पहिल्यांदा विश्वास ठेवला नाही.